तिमाही विक्री योजनेचे परिपत्रक: टप्पे, पात्रता आणि दाव्याची मुदत यांचा नेमका अर्थ

एका डीलरचा हिशोब समोर ठेवून सुरुवात करू. कंपनीने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीसाठी विक्री प्रोत्साहन योजना जाहीर केली. निव्वळ खरेदी १० लाखांच्या खाली राहिली तर काही नाही, १० लाखांपासून १ टक्का, २० लाखांपासून २ टक्के आणि ३५ लाखांपासून ३ टक्के, असे तिचे टप्पे होते. तिमाही संपल्यावर डीलरने आपल्याकडच्या सर्व बिलांची बेरीज केली, ती २६,४०,००० झाली, आणि त्यावर २ टक्के धरून त्याने ५२,८०० ही रक्कम येणे म्हणून वहीत मांडली. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने त्याला ४५,६०० मिळतील असे सांगितले होते. लेखा विभागाने प्रत्यक्षात १९,८५० मंजूर केले.

या तिघांपैकी कोणाचीही बेरीज चुकलेली नव्हती आणि तिघांनी वापरलेली बिलेही तीच होती. फरक पडला तो परिपत्रकात न लिहिलेल्या चार-पाच वाक्यांमुळे, आणि ती वाक्ये कोणती हेच या लेखात सविस्तर पाहायचे आहे. योजनांचे हिशोब तपासण्यात अनेक वर्षे घालवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की परिपत्रक लिहून झाल्यावर त्याची परीक्षा एकाच प्रकारे घ्यावी: ज्यांनी ते लिहिलेले नाही अशा दोन माणसांना तीच बिले द्यावीत, त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये, आणि दोघांचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर परिपत्रक अजून तयार झालेले नाही.

टक्का कशावर

टप्प्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न दराचा नसतो. तो दर कोणत्या रकमेला लावायचा हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याची दोन पूर्णपणे वेगळी उत्तरे व्यवहारात आढळतात. पहिल्या पद्धतीत डीलर ज्या टप्प्यात पोहोचला त्या टप्प्याचा दर त्याच्या संपूर्ण खरेदीला, म्हणजे तिमाहीतल्या पहिल्या बिलापासून लागतो. दुसऱ्या पद्धतीत प्राप्तिकराच्या टप्प्यांप्रमाणे प्रत्येक दर फक्त त्या त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो. वरच्याच योजनेत २४ लाखांची खरेदी करणारा डीलर घेतला, तर पहिल्या पद्धतीने त्याला २४ लाखांचे २ टक्के म्हणजे ४८,००० मिळतात. दुसऱ्या पद्धतीने पहिल्या १० लाखांवर काही नाही, पुढच्या १० लाखांवर १०,००० आणि उरलेल्या ४ लाखांवर ८,०००, असे मिळून १८,००० होतात. ‘२० लाखांच्या वर २ टक्के’ या ओळीतून हे दोन्ही अर्थ तितक्याच प्रामाणिकपणे काढता येतात, आणि तरीही अनेक परिपत्रकांत एवढीच ओळ असते.

म्हणून टप्प्याचे वाक्य लांब झाले तरी चालेल, पण ते पुढीलप्रमाणे पूर्ण असावे: ‘तिमाहीतील निव्वळ खरेदी २० लाख किंवा त्याहून अधिक परंतु ३५ लाखांपेक्षा कमी असल्यास संपूर्ण निव्वळ खरेदीवर, म्हणजे तिमाहीतील पहिल्या पात्र बिलापासूनच्या रकमेवर, २ टक्के दराने प्रोत्साहन रक्कम देय होईल.’ त्याच्याखाली एक सोडवलेले उदाहरण द्यावे. उदाहरणासाठी २४ लाखांसारखा टप्प्याच्या मधला आकडा घ्यावा आणि त्याच्या जोडीला अगदी सीमेवरचाही एक घ्यावा, कारण वाद सीमेवरच होतात.

या वाक्यातील ‘किंवा त्याहून अधिक परंतु पेक्षा कमी’ हे शब्द मी आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका परिपत्रकात ‘१० ते २० लाख’ आणि ‘२० ते ३५ लाख’ असे टप्पे लिहिले होते. बरोबर २० लाखांची खरेदी दोन्ही ओळींत बसत होती, आणि टप्पा गाठण्यासाठीच मोजून खरेदी केलेल्या डीलरांचे आकडे नेमके तिथेच येऊन थांबतात, ही गोष्ट मी विचारात घेतलेली नव्हती.

दोन पद्धतींपैकी कोणती निवडावी हा धोरणाचा भाग आहे. पहिली पद्धत सांगायला सोपी आहे आणि डीलरला ती ओढ लावते, पण तिच्या प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक उभा कडा असतो. १९,९०,००० च्या खरेदीवर १ टक्क्याने १९,९०० मिळतात. त्याच डीलरने आणखी १०,००० चा माल उचलला की खरेदी २० लाख होते आणि प्रोत्साहन रक्कम ४०,००० होते. म्हणजे शेवटच्या १०,००० च्या मालामुळे त्याला २०,१०० अधिक मिळतात, मालाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. अशा स्थितीत कोणताही शहाणा व्यापारी गरज नसलेला माल उचलेल, तो पडत्या भावात पुढे ढकलेल किंवा पुढच्या महिन्यात परत करेल, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण योजनेनेच त्याला तसे करायला सांगितलेले असते.

पूर्ण रकमेवर मागे जाऊन लागणाऱ्या दराची ही ताकद इतकी मोठी असते की बाजारपेठेवर वर्चस्व असलेल्या कंपनीने ती वापरल्यास स्पर्धा कायद्याचाही प्रश्न उभा राहतो. ब्रिटिश एअरवेज प्रवास एजंटांना विक्रीचे उद्दिष्ट गाठल्यावर वाढीव मोबदला देत असे आणि तो उद्दिष्टानंतरच्या तिकिटांपुरता नसून त्या काळात विकलेल्या आपल्या सर्व तिकिटांवर देत असे. युरोपीय आयोगाने १९९९ साली त्याबद्दल ६८ लाख युरोंचा दंड केला आणि युरोपीय न्यायालयाने मार्च २००७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मोबदल्यात काठावर येणारा हा अचानक फरक त्या प्रकरणातल्या युक्तिवादाचा महत्त्वाचा भाग होता. सामान्य आकाराच्या कंपनीला याची चिंता करण्याचे कारण सहसा नसते, पण कडा किती उभा असू शकतो हे समजण्यासाठी हे प्रकरण उपयोगी आहे.

कड्याचा परिणाम आपल्या योजनेत होतो आहे की नाही हे ओळखायला अवघड नाही. तिमाहीच्या तेरा आठवड्यांची खरेदी आठवडावार मांडावी आणि त्यापुढे पुढच्या तिमाहीचे पहिले चार आठवडे जोडावेत. शेवटच्या आठवड्यात आकडा एकदम उसळतो, पुढचे चार आठवडे खाली जातो आणि त्याच काळात परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट वाढतात, असे दिसले तर योजनेने विक्री वाढवलेली नाही. ती फक्त ऑक्टोबरमधून सप्टेंबरमध्ये आणली आहे. वाढीव रकमेवर दर लावण्याच्या दुसऱ्या पद्धतीत हा कडा राहत नाही, म्हणून ज्यांना नियमित उचल हवी आहे त्यांनी ती पद्धत घ्यावी आणि दर थोडे चढे ठेवावेत, असा माझा सल्ला असतो. विक्री विभागाला तो बहुधा पटत नाही, कारण ‘थेट २ टक्के’ हे शब्द तोंडी सांगायला सोपे जातात.

खरेदी म्हणजे कोणती खरेदी

आता पुन्हा आपल्या डीलरकडे येऊ. त्याची योजना पूर्ण रकमेवर दर देणारी होती, त्यामुळे टप्प्याच्या अर्थाबद्दल तिघांचे एकमत होते. मतभेद होता तो २६,४०,००० या आकड्याबद्दल.

या बेरजेत कर आणि वाहतूक खर्च धरलेला होता. कर हा कंपनीचा महसूल नसतो, ती तो गोळा करून भरते. वाहतूकही बहुधा प्रत्यक्ष खर्चाएवढी आकारली जाते. म्हणून प्रोत्साहन रक्कम या दोन्ही गोष्टी वगळून उरणाऱ्या मालाच्या मूल्यावर द्यावी हे रास्त आहे, पण ते लिहिलेले असले पाहिजे. हे दोन्ही वजा केल्यावर त्याची खरेदी २२,८०,००० झाली. विक्री प्रतिनिधीने इथेच थांबून २ टक्के काढले आणि ४५,६०० हा आकडा सांगितला.

लेखा विभाग पुढे गेला. ३० सप्टेंबरच्या तारखेचे एक बिल १,९०,००० चे होते, पण त्याचा माल गोदामातून २ ऑक्टोबरला निघाला. कंपनीच्या अंतर्गत नियमाप्रमाणे बिलाची तारीख आणि माल निघाल्याची तारीख या दोन्ही तिमाहीत असाव्या लागतात, म्हणून ते बिल पुढच्या तिमाहीत गेले आणि खरेदी २०,९०,००० राहिली. सप्टेंबरअखेरपर्यंत ४०,००० चा आणि ९ ऑक्टोबरला आणखी २०,००० चा माल परत आला होता, तो वजा होऊन २०,३०,००० उरले. शेवटी ४५,००० चे सुटे भाग निघाले, जे योजनेतल्या उत्पादनांच्या यादीत नव्हते. ते काढल्यावर निव्वळ खरेदी १९,८५,००० झाली. २० लाखांना १५,००० कमी पडल्याने दर १ टक्क्यावर आला आणि मंजूर रक्कम १९,८५० झाली.

यातली प्रत्येक वजावट समर्थनीय आहे. डीलरची तक्रार वेगळी असते आणि ती खरी असते: या वजावटी त्याला ऑक्टोबरमध्ये कळल्या, जेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेले नव्हते. १५,००० चा माल त्याने २५ सप्टेंबरला सहज उचलला असता. म्हणून परिपत्रकात ‘निव्वळ खरेदी’ या शब्दाची व्याख्या टप्प्यांच्या आधी यावी आणि तिच्यात चार गोष्टी असाव्यात: कोणती उत्पादने धरली जातील, कोणती रक्कम वगळली जाईल, कोणत्या तारखेने बिल या तिमाहीत मोडेल, आणि कोणत्या दिवसापर्यंत परत आलेला माल वजा होईल. ही व्याख्या लिहूनही कंपनीने १० आणि २० सप्टेंबरला प्रत्येक डीलरला त्याच्या निव्वळ खरेदीचा चालू आकडा, वजावटी दाखवून, पाठवावा. हे दोन उतारे पाठवायला खर्च जवळजवळ नसतो आणि वर सांगितलेला बहुतेक वाद त्यांनी जन्मालाच येत नाही.

तारखेच्या नियमाला एक अपवाद मात्र जोडायला हवा, आणि तो न जोडणे हा मी पाहिलेल्या परिपत्रकांमधला सर्वांत अन्यायकारक दोष आहे. आपल्या डीलरने १,९०,००० च्या मालाची मागणी २२ सप्टेंबरला लेखी नोंदवली होती. माल उशिरा निघाला तो कंपनीच्या गोदामात साठा नव्हता म्हणून. कंपनीकडच्या तुटवड्यामुळे डीलरचा टप्पा हुकावा हे कोणत्याही निकषावर योग्य नाही. त्यासाठी एक वाक्य पुरेसे आहे: ‘२४ सप्टेंबरपर्यंत कंपनीने लेखी स्वीकारलेली मागणी केवळ कंपनीकडे साठा उपलब्ध नसल्यामुळे तिमाहीत रवाना होऊ शकली नाही आणि माल १५ ऑक्टोबरपर्यंत डीलरकडे पोहोचला, तर ते बिल याच तिमाहीत धरले जाईल आणि पुढील तिमाहीत पुन्हा धरले जाणार नाही.’ हे वाक्य असते तर त्याची निव्वळ खरेदी २१,७५,००० आणि प्रोत्साहन रक्कम ४३,५०० झाली असती. एका वाक्याची किंमत इथे २३,६५० आहे. वाक्यातला शेवटचा भाग विसरू नये, नाहीतर तेच बिल दोन तिमाहींमध्ये मोजले जाते.

परत आलेल्या मालाबद्दलही थोडा विचार हवा. न खपलेला माल परत आला तर विक्री झालीच नाही, तो सरळ वजा व्हावा. पण निर्मितीतील दोषामुळे माल परत घ्यावा लागला असेल, तर त्याची रक्कम टप्पा ठरवताना धरावी आणि प्रोत्साहन रक्कम काढताना वगळावी, हा मधला मार्ग मला न्याय्य वाटतो. डीलरचा टप्पा कंपनीच्या दोषामुळे जात नाही, आणि न झालेल्या विक्रीवर कंपनीला पैसेही द्यावे लागत नाहीत.

पात्रता: मोजता येईल अशी अट

पात्रतेचा परिच्छेद लिहिताना ‘कंपनीशी चांगले व्यवहार असलेले डीलर’ किंवा ‘नियमित भरणा करणारे डीलर’ अशी भाषा येते. तिचा अडथळा असा की तिच्यावरून कोणालाही पात्र किंवा अपात्र ठरवता येते, आणि ही गोष्ट डीलरलाही कळते. अट अशी असावी की खातेउतारा पाहून डीलर स्वतःच हो किंवा नाही म्हणू शकेल.

थकबाकीची अट हे याचे मुख्य उदाहरण आहे. ‘थकबाकी नसावी’ एवढे लिहिले की विचारावे लागते, कोणत्या दिवशी? समजा उधारीची मुदत ३० दिवसांची आहे आणि तपासणी ३० सप्टेंबरला केली. त्या दिवशी सप्टेंबरमधली बहुतेक बिले मुदतीतच असतात, म्हणजे तिमाहीतल्या सुमारे एक तृतीयांश खरेदीचा भरणा वेळेवर होतो की नाही हे तपासलेच जात नाही. तपासणी ३१ ऑक्टोबरला केली, तर ३० सप्टेंबरच्या शेवटच्या बिलाची मुदतही ३० ऑक्टोबरला संपलेली असते आणि तिमाहीतले प्रत्येक बिल कसोटीला लागते. म्हणून दाव्याची अंतिम तारीख उधारीच्या मुदतीवरून काढावी, असे मी सांगतो: तिमाहीचा शेवटचा दिवस, अधिक उधारीचे दिवस, अधिक एक दिवस. ३१ ऑक्टोबर ही तारीख अशी येते. कॅलेंडर पाहून सोयीची तारीख निवडण्यापेक्षा हे बरे, कारण मग दावा आणि भरणा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पाहता येतात आणि डीलरला थकीत बिले भरण्यासाठी ठोस कारण मिळते.

अट मोडल्यास काय, हेही लिहावे. एक बिल तीन दिवस उशिरा भरले म्हणून पूर्ण तिमाहीची रक्कम बुडवणे ही शिक्षा चुकीच्या प्रमाणात नसते, आणि प्रत्यक्षात कंपन्या ती अमलातही आणत नाहीत. त्या सूट देतात, सूट कोणाला द्यायची हे विक्री अधिकारी ठरवतो, आणि मग अटीला काही अर्थ राहत नाही. त्यापेक्षा ३१ ऑक्टोबरला थकीत असलेल्या बिलाची रक्कम निव्वळ खरेदीतून वगळावी, टप्पा उरलेल्या रकमेवर ठरवावा आणि तो निकाल सर्वांना सारखा लावावा. ज्या बिलाबद्दल डीलरने ३० सप्टेंबरपूर्वी लेखी हरकत घेतली आहे आणि कंपनीने तिचा निकाल दिलेला नाही, ते बिल थकीत समजू नये.

पात्रतेच्या बाकीच्या बाबी थोडक्यात संपतात. तिमाहीच्या मध्ये रुजू झालेल्या डीलरसाठी टप्प्यांच्या मर्यादा पूर्ण महिन्यांच्या प्रमाणात कमी कराव्यात. एकाच मालकाच्या दोन डीलर खात्यांची खरेदी एकत्र धरायची की वेगळी, हे स्पष्ट सांगावे, कारण १२ आणि १० लाखांची दोन खाती वेगळी ठेवली तर दोन्ही १ टक्क्यावर राहतात आणि एकत्र धरली तर २ टक्क्यांवर जातात. तिमाहीत डीलरशिप संपली असल्यास रक्कम मिळणार की नाही, हेही आधी ठरवून लिहिलेले बरे.

दाव्याची मुदत आणि तिच्यामागचे कारण

अंतिम तारखेबद्दल डीलरांच्या मनात असा समज असतो की कंपनीला पैसे वाचवायचे असतात म्हणून ती मुदत घालते. काही ठिकाणी ते खरेही असेल, पण मुदतीला लेखांकनाचे खरे कारण आहे. आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने मे २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले आणि १ जानेवारी २०१८ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालेले आयएफआरएस १५ हे मानक सांगते की खरेदीच्या प्रमाणावर अवलंबून असलेली सवलत हा विक्रीच्या किमतीचाच बदलता भाग आहे. हे मानक पाळणाऱ्या कंपनीला त्या सवलतीचा अंदाज विक्री नोंदवतानाच करावा लागतो आणि तेवढा महसूल कमी दाखवावा लागतो. म्हणजे जुलैमध्ये बिल झाले तेव्हाच तुमच्या संभाव्य रकमेची तरतूद पुस्तकांत बसलेली असते. दावे अनिश्चित काळ खुले राहिले तर ही तरतूद बंद करता येत नाही आणि प्रत्येक तिमाहीच्या अखेरीस तिचा अंदाज पुन्हा करावा लागतो.

हे मान्य करूनही मी एक प्रश्न कंपन्यांना नेहमी विचारतो: योजना जर डीलरने कंपनीकडून केलेल्या खरेदीवर आहे, तर दावा मागायचाच कशाला? सर्व बिले, परत आलेला माल आणि भरणा कंपनीच्याच नोंदीत असतो. अशा योजनेत हिशोब कंपनीने करावा, १८ ऑक्टोबरपर्यंत वजावटींसह उतारा पाठवावा आणि डीलरने तो मान्य करावा किंवा त्यावर हरकत घ्यावी, एवढेच दाव्याचे स्वरूप असावे. ३१ ऑक्टोबरपर्यंत डीलरने काहीच कळवले नाही तर उताऱ्यातला आकडा मान्य समजून रक्कम जमा करावी. केवळ अर्ज न भरल्यामुळे कमावलेली रक्कम बुडू नये. योजना डीलरने पुढे ग्राहकाला केलेल्या विक्रीवर असेल तेव्हा मात्र गोष्ट निराळी, कारण ती माहिती डीलरकडेच असते. तिथे ग्राहकाच्या बिलाची प्रत, वस्तूचा अनुक्रमांक आणि विक्रीची तारीख यांसह दावा मागणे आवश्यक आहे आणि मुदत उलटल्यावर तो नाकारणेही योग्य आहे.

मुदतीचे वाक्य लिहिताना दिवसाबरोबर वेळ आणि ठिकाणही लिहावे, आणि दावा त्या वेळेपर्यंत पाठवलेला असावा की पोहोचलेला असावा, हे सांगावे. ‘३१ ऑक्टोबर रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत डीलर पोर्टलवर नोंदवलेला दावाच ग्राह्य धरला जाईल, आणि नोंदणी होताच मिळणारा पोचक्रमांक हा मुदतीत नोंद झाल्याचा पुरावा राहील’ असे वाक्य पुरते. पोचक्रमांक महत्त्वाचा आहे. विक्री प्रतिनिधीच्या हाती दिलेला कागद किंवा त्याला पाठवलेला फोटो म्हणजे कंपनीकडे केलेला दावा, असे डीलर समजतो, आणि तो प्रतिनिधी रजेवर गेला की तो दावा कुठेच नसतो. कागदपत्र अपुरे असल्यास कंपनीने सात दिवसांत त्रुटी कळवावी आणि डीलरला ती दूर करायला कळवल्यापासून सात दिवस द्यावेत. मुदतीत आलेला पण अपुरा दावा आणि मुदतीनंतर आलेला दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच शिक्का मारू नये.

रक्कम केव्हा आणि कशी मिळेल हे परिपत्रकातून बरेचदा निसटते. ‘२० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट नोटद्वारे डीलरच्या खात्यात जमा’ असे तारखेसह लिहावे आणि क्रेडिट नोटवर योजनेचा क्रमांक व तिमाही छापावी, म्हणजे खाते जुळवताना ती परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटशी मिसळत नाही. विक्रीनंतर दिलेल्या सवलतीला कराच्या हिशोबात कोणती वागणूक मिळेल हे त्या त्या कायद्यावर अवलंबून असते आणि ती सवलत विक्रीपूर्वीच लेखी ठरलेली होती का, हा त्यातला एक महत्त्वाचा प्रश्न असू शकतो. एवढ्याच कारणासाठीही परिपत्रक १ जुलैपूर्वी, क्रमांक व तारीख घालून, सर्व डीलरांना मिळालेले असावे. तिमाहीच्या मध्ये काढलेल्या दुरुस्तीने आधी झालेल्या बिलांवरचा लाभ कमी होणार नाही, ही ओळही त्यात असावी.

शेवटी राहते ते ‘कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य. ते ठेवण्याला माझी हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर वरची वाक्ये गाळू नयेत. करारातला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे कराराच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे, आणि परिपत्रक लिहिणारी कंपनीच असते. अंतिम निर्णयाच्या वाक्याबरोबर हरकत कोणाकडे नोंदवायची आणि किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल, हे द्यावे. हरकत ऐकणारा अधिकारी विक्री विभागातला नसावा आणि ज्याने मूळ हिशोब केला तोही नसावा.

आपल्या डीलरला ही सोय मिळाली असती, तर १८ ऑक्टोबरच्या उताऱ्यात त्याला १,९०,००० चे बिल वगळलेले दिसले असते. २२ सप्टेंबरच्या मागणीची कंपनीने दिलेली लेखी स्वीकृती आणि माल पोहोचल्याची पावती जोडून त्याने ३१ ऑक्टोबरपूर्वी हरकत नोंदवली असती, सुट्या भागांची आणि परत गेलेल्या मालाची वजावट वाचून मान्य केली असती, आणि २० नोव्हेंबरला त्याच्या खात्यात ४३,५०० ची क्रेडिट नोट आली असती. ५२,८०० ची अपेक्षा जुलैमध्येच, परिपत्रकातली निव्वळ खरेदीची व्याख्या वाचताना, त्याच्या वहीतून उतरलेली असती.